पन्नास ग्रॅमचे बेचाळीस

सोनेतारण कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाची पहिली कुरबूर व्याजावरून होत नाही, वजनावरून होते. घरून निघताना दागिने पाच तोळे असतात. जुन्या पावत्या तसं सांगतात, सासूबाईही तसंच सांगत आल्या आहेत. शाखेतल्या काट्यावर ते पन्नास ग्रॅम भरतातही. मग मूल्यमापक एकेक दागिना भिंगाखाली धरतो, कसोटीवर घासतो, कागदावर दोन-तीन वजाबाक्या करतो आणि शेवटच्या रकान्यात लिहितो ४२ ग्रॅम. समोरच्या बाईला वाटतं, आठ ग्रॅम सोनं डोळ्यांदेखत गेलं.

बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, ते सोनं मुळात नव्हतंच. पण कधीकधी खरंच जातंही. हे दोन प्रकार ओळखता यावेत आणि पुढे कर्ज थकलं तर त्या दागिन्यांचं नेमकं काय होतं हे आधीच ठाऊक असावं, म्हणून एक हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची बाई समजा. मुलाच्या कॉलेजची फी आणि घराच्या पत्र्याचं काम एकदम आलं आहे आणि तिला दोन लाख ऐंशी हजार रुपये हवे आहेत. बाई आणि आकडे कल्पनेतले, पद्धत खरी.

तिच्या डब्यात तीन वस्तू आहेत. वीस ग्रॅमच्या पाटल्या, चौदा ग्रॅमचं मंगळसूत्र आणि आजेसासूकडून आलेली सोळा ग्रॅमची बोरमाळ. एकूण पन्नास. पाटल्या भरीव, हॉलमार्कच्या आणि २२ कॅरेटच्या आहेत, म्हणून वीसच्या वीस ग्रॅम धरल्या गेल्या. मंगळसूत्रातून काळे मणी, ओवायची दोरी आणि वाट्यांत भरलेली लाख यांचे तीन ग्रॅम वजा झाले, उरले अकरा. बोरमाळेचे मणी बाहेरून सोन्याचे आणि आतून लाखेचे असतात. पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणून कारागीर आत लाख भरतो. तिथे पाच ग्रॅम गेले, उरले अकरा. कोल्हापुरी साजाची पानं, जुने पोकळ तोडे, मोत्यांची नथ यांचंही असंच होतं. मोती, माणकं, कुंदन यांना तारणात शून्य किंमत आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दागिन्यातल्या फक्त सोन्याचं मूल्य धरायचं असतं. घडणावळीलाही तोच न्याय. पाटल्या घेताना मजुरीचे जे हजारो रुपये दिले, ते इथे मोजले जात नाहीत.

वजनानंतर कस. पाटल्यांवर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आहे. हा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठल्या कसाचा म्हणून नोंदला गेला ते दिसतं. बोरमाळ मात्र हॉलमार्कच्या आधीच्या काळातली. तिचा कस पाहायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर अ‍ॅसिडचा थेंब टाकून कुठली किती फिकी पडते ते पाहायचं. दुसरी वाट कॅरेटमीटरची. हे यंत्र क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण सांगतं, पण ते पृष्ठभाग वाचतं. वर जाड मुलामा असला तर फसू शकतं, म्हणून जाणता मूल्यमापक यंत्रावर भागवत नाही. संशय आला तर आतल्या बाजूला जरा घासून मग कस लावतो. कसोटीवर जाणारं सोनं इतकं नगण्य असतं की त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

आपली बोरमाळ २० कॅरेटची निघाली. जुन्या दागिन्यांत हे नेहमीचं आहे. डाग लावताना, तुटलेला मणी जोडताना हलकं सोनं मिसळलेलं असतं आणि त्या काळी तपासायला कोणी बसलेलं नसे.

आता भाव. त्या दिवशी पेठेतल्या सराफाच्या फळ्यावर २२ कॅरेटचा ग्रॅमचा भाव १०,७१२ रुपये लिहिलेला आहे असं धरू. (आकडा हिशेबापुरता, प्रत्यक्षातला भाव तुम्ही हे वाचाल त्या दिवशी पाहा.) बाईने मनात पन्नास गुणिले १०,७१२ केलं आणि सुमारे पाच लाख पस्तीस हजार धरले. फळ्यावरच्या या भावात तीन टक्के जीएसटी आहे, तो काढला की १०,४०० उरतात. कर्जासाठी तोही धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारणाचे नवे नियम काढले आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत ते अमलात आणायला सांगितले. त्यानुसार मागच्या तीस दिवसांच्या बंद भावाची सरासरी आणि कालचा बंद भाव यांतला जो कमी तो धरायचा. हे भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने किंवा सेबीच्या देखरेखीखालच्या वायदे बाजाराने जाहीर केलेले असावे लागतात, शाखाधिकाऱ्याच्या मनातले चालत नाहीत.

सोनं चढत असताना तीस दिवसांची सरासरी मागे रेंगाळते, म्हणून कमी भाव मिळतो. सोनं घसरत असताना कालचा भाव सरासरीच्या खाली असतो, म्हणून तेव्हाही कमीच भाव मिळतो. कर्जदाराला हे अन्यायाचं वाटतं, आणि आहेही थोडं एकतर्फी. पण आज शिखरावरच्या भावाने भरघोस कर्ज उचलून दोन महिन्यांनी भाव कोसळल्यावर ज्यांना फरक भरायची नोटीस आली आहे, त्यांना या सावधपणाचं मोल कळतं.

आपल्या उदाहरणात सरासरी १०,००० रुपये आहे, तोच भाव लागला. पाटल्यांचे दोन लाख आणि मंगळसूत्राचे एक लाख दहा हजार. बोरमाळेला वीस भागिले बावीस या प्रमाणात ग्रॅमला ९,०९१ रुपये, म्हणजे अकरा ग्रॅमचे एक लाख. एकूण मूल्य चार लाख दहा हजार. घरून निघताना ते पाच लाख पस्तीस हजार होतं. मधल्या सव्वा लाखाचा हिशेब आता लागतो: लाख आणि मणी, हलका कस, जीएसटी, सरासरी भाव. यात चोरी कुठेच नाही.

चोरी असलीच तर ती कुठे दिसते तेही सांगायला हवं. कस आणि वजन तुमच्यासमोर पाहिलं गेलं पाहिजे, असा नियम आहे. दागिने आतल्या खोलीत नेऊन थोड्या वेळाने आकडा सांगितला तर तिथेच थांबावं. तपासणीनंतर संस्थेने एक प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात प्रत्येक दागिन्याचा कस, एकूण वजन, निव्वळ वजन, खडे-लाख वगैरेंची वजावट, दागिन्यावर आधीपासून असलेली तूटफूट, ठरवलेलं मूल्य आणि फोटो असतो. नुसतं ‘पिवळ्या धातूचे दागिने, ३ नग’ एवढंच लिहिलेली पावती हातात पडली तर ती परत करावी. वजावट लाखेची म्हणून किती आणि मण्यांची म्हणून किती, हे वेगवेगळं विचारावं. भरीव पाटल्यांतूनही ‘घट’ म्हणून ग्रॅमभर उडवला असेल तर त्याला कारण नाही. दुसऱ्या शाखेत तेच दागिने नेऊन पाहायला पैसे पडत नाहीत. कसात अर्ध्या कॅरेटचा फरक दोन मूल्यमापकांत पडू शकतो, दोन कॅरेटचा पडत नाही.

चार लाख दहा हजारांवर कर्ज किती? इथे एलटीव्ही नावाचा आकडा येतो, म्हणजे तारणाच्या मूल्याच्या किती टक्के कर्ज देता येतं त्याची कमाल मर्यादा. पूर्वी ती सरसकट ७५ टक्के होती. नव्या नियमांनी घरखर्चाच्या कर्जासाठी तिचे तीन टप्पे केले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पाच लाखांवर ७५ टक्के. शेती किंवा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला हे टप्पे लागू नाहीत, तिथे संस्था आपलं धोरण ठरवते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. बँकेने ६५ टक्केच देऊ म्हटलं तर तिला भाग पाडता येत नाही. बिस्किटं, लगडी किंवा गोल्ड ईटीएफ तारण म्हणून चालत नाहीत. नाणी चालतात, पण एका कर्जदारामागे पन्नास ग्रॅमपर्यंतच.

आपल्या बाईला ८० टक्क्यांचा टप्पा लागू झाला, म्हणजे मर्यादा तीन लाख अठ्ठावीस हजार. ‘मग तेवढे घ्या ना, ताई,’ असं काउंटरवरचा तरुण म्हणतो. इथे एक बारीक अट आहे. वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम फेडायचं असेल, ज्याला बुलेट परतफेड म्हणतात, तर टक्केवारी आज हातात येणाऱ्या रकमेवर काढत नाहीत, वर्षअखेर देणं होणाऱ्या एकूण रकमेवर काढतात. बारा टक्के व्याज धरलं तर आज फार तर दोन लाख ब्याण्णव हजार मिळतील, कारण व्याज मिळवून ते तीन लाख अठ्ठावीस हजारांच्या आत बसायला हवेत. दरमहा व्याज भरायचं ठरलं तर मात्र पूर्ण मर्यादा गाठता येते. तिला दोन लाख ऐंशी हजारच हवे आहेत, तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. लागतं तेवढंच घेण्यात शहाणपण आहे ते केवळ व्याज वाचतं म्हणून नाही. भाव पडला तर मधली मोकळी जागा तुमच्या उपयोगी पडते. एलटीव्ही कर्ज देण्याच्या दिवशीच सांभाळायचा नसतो, मुदतभर सांभाळायचा असतो.

व्याजाच्या बाबतीत आधी भाषेकडे लक्ष द्यावं. बाजारात आजही ‘शेकडा एक रुपया’ म्हणतात तो महिन्याचा दर असतो, म्हणजे वर्षाला बारा टक्के. शेकडा दीड म्हणजे अठरा आणि शेकडा दोन म्हणजे चोवीस. जाहिरातीतला ‘फक्त ७५ पैसे’ ऐकायला गोड लागतो, त्याचे वर्षाला नऊ टक्के होतात, आणि तोही बहुधा दरमहा वेळेवर व्याज भरणाऱ्यालाच मिळतो. अनेक खासगी योजनांत करारातला दर चढा असतो आणि वेळेवर भरल्यास त्यात सूट असते. दोन हप्ते चुकले की सूट जाते आणि तुम्ही अठरा किंवा बावीस टक्क्यांच्या पायरीवर उभे असता. म्हणून जाहिरात न वाचता ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद वाचावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना तो किरकोळ कर्जदाराला द्यावाच लागतो. त्यात प्रक्रिया शुल्क, मूल्यमापन शुल्क असं सगळं धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना त्या आकड्यावर करावी.

आता परतफेडीच्या पद्धती. दोन लाख ऐंशी हजार, बारा टक्के, एक वर्ष. बुलेटमध्ये सरळ व्याजाने वर्षअखेर तीन लाख तेरा हजार सहाशे द्यायचे, म्हणजे व्याज ३३,६०० रुपये. व्याज दरमहा चढत असेल, म्हणजे चक्रवाढ असेल, तर तेच ३५,५११ रुपये होतं. दरमहा फक्त व्याज भरलं तर महिन्याला २,८०० रुपये, वर्षाचे तेवढेच ३३,६००, पण चक्रवाढीचा प्रश्न उरत नाही आणि वर्षअखेर फक्त मुद्दल उभं असतं. समान हप्ता घेतला तर महिन्याला साधारण २४,८७८ रुपये, आणि वर्षाचं एकूण व्याज १८,५३२ रुपये. दर तोच, तरी व्याज जवळजवळ निम्मं, कारण मुद्दल दर महिन्याला उतरत जातं. चौथा प्रकार ओव्हरड्राफ्टचा. मर्यादा मंजूर होते, लागेल तसे पैसे उचलायचे, उचललेल्या रकमेवरच व्याज. दुकानदाराला, किंवा फीचे हप्ते वेगवेगळ्या महिन्यांत भरायचे असलेल्या घराला हा सोयीचा.

यातला स्वस्त कोणता हे हिशेब सांगतो, योग्य कोणता हे पैसा कधी येणार त्यावर ठरतं. पगारदाराने बुलेट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पगार दरमहा येतो, तेव्हा देणंही दरमहा असावं. ऊस गेल्यावर, सोयाबीन विकल्यावर, ठेवीची मुदत संपल्यावर एकदम पैसा येणाऱ्याला बुलेट ठीक. ज्याला पैसा कुठून येणार हेच माहीत नाही, तो मात्र हटकून बुलेटच घेतो, कारण त्यात वर्षभर काहीच भरावं लागत नाही. सोनं गमावणाऱ्यांतले पुष्कळ जण याच दारातून जातात.

घरखर्चाच्या बुलेट कर्जाची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. वर्ष संपलं, पैसे नाहीत, मग नूतनीकरण. साचलेलं व्याज भरल्याशिवाय आता ते करता येत नाही, हे चांगलं झालं. पूर्वी जुनं व्याज नव्या कर्जात मिसळून फुगवत नेण्याची सर्रास पद्धत होती. तरीही तीन वर्षं असं चालवलं तर एक लाख आठशे रुपये व्याजात जातात आणि दोन लाख ऐंशी हजारांचं मुद्दल जिथल्या तिथे. मधल्या काळात भाव वाढला की शाखेतून फोन येतो: तुमच्या सोन्यावर आणखी साठ हजार मिळतील. भाववाढीचा फायदा तुमचा होता, तो असा कर्ज म्हणून खर्च होतो. दुसऱ्यांदा नूतनीकरण करायची वेळ आली तर थंड डोक्याने एक गोष्ट तपासावी: एखादा दागिना आपणच विकून उरलेले सोडवता येतील का? बोरमाळ विकायला जीव तयार होत नाही, पण बोरमाळ आणि पाटल्या दोन्ही लिलावात जाण्यापेक्षा ते परवडतं.

समजा, आपल्या बाईचं तसंच झालं. वर्ष संपलं, व्याजही भरता आलं नाही. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की बँकेच्या वहीत ते थकीत, अनुत्पादक कर्ज होतं आणि सिबिलसारख्या पतसंस्था-नोंदींत तिचं नाव खाली जातं. नोटिसा त्याआधीच सुरू होतात. थकव्याबद्दल दंड लागतो, पण २०२४ पासून तो ‘दंडव्याज’ म्हणून व्याजात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. खात्याचा उतारा मागवला की हे एका नजरेत दिसतं.

लिलाव हा संस्थेचा कायदेशीर हक्क आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७६ तारण ठेवून घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन वस्तू विकण्याची मुभा देतं. कोर्टात जावं लागत नाही. नव्या नियमांनी त्याला कुंपण घातलं आहे. नोटीस द्यायची, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं. संस्थेने किंवा तिच्या संबंधितांनी स्वतः बोली लावायची नाही. राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांखाली ठेवायची नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५ टक्क्यांपर्यंत उतरवता येते.

आपला हिशेब पुढे नेऊ. भाव १०,००० वरच आहे, मूल्य चार लाख दहा हजार, राखीव किंमत तीन लाख एकोणसत्तर हजार. बोली तीन लाख ऐंशी हजारांवर थांबली. देणं असं: मुदतीपर्यंतचे तीन लाख तेरा हजार सहाशे, पुढच्या तीन महिन्यांचं व्याज ८,४००, दंड-नोटीस-लिलावखर्च धरू ४,००० रुपये. एकूण तीन लाख सव्वीस हजार. वरचे चौपन्न हजार तिचे आहेत आणि लिलावाची पूर्ण रक्कम मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते तिला मिळायला हवेत. लिलाव झाला म्हणजे सगळंच गेलं असं समजून लोक शाखेकडे फिरकत नाहीत, आणि ही रक्कम मागायची राहून जाते.

तरीही तिचं नुकसान किती झालं? बोलीत तीस हजार कमी आले, एवढंच दिसतं. पण तेच दागिने पुन्हा घडवायचे तर चार लाख दहा हजारांच्या सोन्यावर बारा टक्के घडणावळ आणि वर तीन टक्के जीएसटी धरून जवळपास पावणेपाच लाख लागतील. तारणाचा लिलाव महाग पडतो तो इथे.

दुसरी शक्यता कमी बोलली जाते. भाव तीस टक्के पडला असता तर? मूल्य उरतं दोन लाख सत्त्याऐंशी हजार. लिलावात दोन लाख पासष्ट हजार आले तर एकसष्ट हजारांची तूट राहते. ‘सोनं घेतलं ना तुम्ही, आता काय उरलं?’ हे कायद्यापुढे टिकत नाही. त्याच कलम १७६ प्रमाणे तूट कर्जदाराकडून वसूल करता येते. भाव असा घसरू लागला की संस्था मुदतीआधीच फरक भरायला किंवा आणखी दागिना ठेवायला सांगते. ती नोटीस दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

आणि एक कलम प्रत्येक कर्जदाराला पाठ असावं, १७७ वं. मुदत उलटली असली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदार सगळं देणं आणि थकव्यामुळे झालेला खर्च भरून वस्तू सोडवू शकतो. लिलावाच्या आदल्या दिवशी भावाने पैसे पाठवले तरी पाटल्या परत मिळू शकतात. पैसे भरल्यावर दागिने त्याच दिवशी, किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत हातात यायला हवेत. संस्थेच्या चुकीने त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. सोडवून घेताना काउंटरवरच वजन करून घ्यावं आणि प्रमाणपत्रातल्या फोटोशी ताडून पाहावं. घरी जाऊन काढलेली तक्रार सिद्ध करणं अवघड असतं. एक अडचण मात्र होऊ शकते. त्याच बँकेत तुमचं दुसरं कर्ज थकलं असेल, तर सोनेतारण फिटूनही बँक दागिने अडवून धरू शकते. म्हणून करारात तसं कलम आहे का ते आधी पाहावं.

हे सगळं बँका आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतल्या वित्त कंपन्यांचं झालं. आपल्याकडे सोनं पतसंस्थेतही मोठ्या प्रमाणावर ठेवलं जातं आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येत नाहीत. त्यांच्यावर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार खात्याचं नियंत्रण असतं. परवानाधारक सावकाराला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा लागू आहे. परवाना नसलेल्याकडे सोनं ठेवलं तर हातात कागदच नसतो. तेव्हा वर सांगितलेली ८५ टक्के, ९० टक्के, पाच हजार रुपये ही भाषा पतसंस्थेत वापरण्याआधी त्यांचे स्वतःचे नियम लेखी मागा. चांगल्या पतसंस्था ते देतात.

तक्रारीचा मार्गही यावरच ठरतो. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था असेल किंवा सावकार असेल, तर तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्ह्याचे उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. दोन्हीकडे पहिल्यांदा मागतील तो कागद एकच: दागिने ठेवताना घेतलेलं ते वजन-कसाचं प्रमाणपत्र. त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सापडेल अशा जागी ठेवा.